भांडवल थकले नाही तर

१९५२ च्या डिसेंबरात पहिल्या पंचवार्षिक योजनेचा अंतिम मसुदा संसदेपुढे आला. चिंतामणराव देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते आणि नियोजन आयोगाचे सदस्यही. त्या जाडजूड दस्तऐवजात धरणे, खते, रेल्वे यांची प्रकरणे आहेतच, पण त्या सगळ्यांना धरून ठेवणारे एक छोटे गणित आहे. देशाचे वर्षाचे उत्पन्न १०० रुपये धरले, तर त्यातले जेमतेम ५ रुपये नव्या भांडवलात जातात, असा अंदाज होता. भांडवल म्हणजे कालवे, यंत्रे, गोदामे, रस्ते, म्हणजेच पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढे उत्पादन देत राहणारे सारे काही. ३ रुपयांचे नवे भांडवल उभे राहिले की वर्षाला १ रुपया जादा उत्पन्न मिळते, असे गृहीत धरले होते. मग ५ रुपयांतून मिळणार १ रुपया ६७ पैसे, म्हणजे उत्पन्नाची वाढ १.६७ टक्के. लोकसंख्या सव्वा टक्क्याने वाढेल असे धरलेले होते. माणशी उरले ०.४२ टक्के. या वेगाने माणशी उत्पन्न दुप्पट व्हायला दीडशेहून जास्त वर्षे लागली असती.

योजनाकारांना ते १९७७ पर्यंत दुप्पट करायचे होते आणि त्याचा उपाय याच गणितात होता. पहिल्या योजनेच्या अखेरीस बचत पावणेसात टक्क्यांवर न्यायची, १९६०-६१ पर्यंत ११ वर आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत २० च्या आसपास. बचतीचा दर वाढवला की वाढीचा दर वाढतो, हे त्या आराखड्याचे गृहीतक होते. आज ते आपल्याला इतके सरळ वाटते की त्यात वाद घालण्यासारखे काही असेल असे मनातही येत नाही. पण अर्थशास्त्रात गेली सत्तर वर्षे त्यावरच वाद चालू आहे, आणि तो एका मुद्द्यावर येऊन थांबतो: भांडवल वाढत गेले तरी त्याची उत्पादन देण्याची ताकद तीच राहते की हळूहळू कमी होते?

आधी ताकद तीच राहते असे धरून पाहू. एका देशात ३०० रुपयांचे भांडवल आहे आणि त्यातून वर्षाला १०० रुपयांचे उत्पन्न निघते. लोक उत्पन्नाच्या २१ टक्के बचत करतात आणि ती सगळी गुंतवणुकीत जाते. भांडवलाचा ४ टक्के भाग दरवर्षी झिजतो, म्हणजे घसारा १२ रुपये. बचतीचे २१ रुपये आले, त्यातले १२ झीज भरून काढण्यात गेले, ९ रुपयांची खरी भर पडली. ३०० वर ९ म्हणजे ३ टक्के. पुढच्या वर्षी भांडवल ३०९, उत्पन्न १०३. बचत २१.६३, घसारा १२.३६, भर ९.२७. पुन्हा ३ टक्केच. भांडवल मोठे झाले, त्याबरोबर झीज तेवढ्याच पटीने वाढली आणि बचतही तेवढ्याच पटीने वाढली. त्यामुळे शंभर वर्षांनीही भर ३ टक्केच राहील. आता बचत २१ वरून २४ टक्क्यांवर नेली, तर पहिल्याच वर्षी २४ वजा १२ म्हणजे १२ रुपयांची भर पडते, दर ४ टक्के. तोही कायमचा.

हेच सूत्रात मांडले की अर्थशास्त्रज्ञ ज्याला एके मॉडेल म्हणतात ते हाती येते:

Y = AK
g = sA − δ

Y म्हणजे उत्पन्न, K म्हणजे भांडवल, A म्हणजे एका रुपयाच्या भांडवलामागे मिळणारे उत्पन्न, आपल्या उदाहरणात एक तृतीयांश. s हा बचतीचा दर, δ घसाऱ्याचा आणि g वाढीचा. दुसऱ्या ओळीत K कुठेच नाही, याकडे लक्ष द्यायला हवे. देशाजवळ भांडवल किती साठले आहे याचा वाढीच्या दराशी काही संबंध उरत नाही. उरतात फक्त बचत, भांडवलाची ताकद आणि झीज. म्हणूनच या वाढीला अंतर्जात म्हणतात. लोक किती खातात आणि किती मागे ठेवतात, या अर्थव्यवस्थेच्या आतल्याच निर्णयातून ती येते. बाहेरून कुणी शोध आणून द्यावा लागत नाही.

आता दुसरी बाजू. यंत्रमागाच्या कारखान्यात एक विणकर चार माग सांभाळतो. कुठे ताण्याचा धागा तुटतो, कुठे कांडी संपते. माग थांबला की तो जातो, गाठ मारतो, माग चालू करतो. मालकाने त्याच्याकडे सहा माग दिले तर कापड वाढते, पण दीडपट होत नाही, कारण एका मागाशी तो गाठ मारत असताना दुसरा थांबून राहतो. आठ दिले तर थांबलेले माग आणखी वाढतात. मागाची किंमत तीच, पण आठव्या मागाचे कापड चौथ्यापेक्षा कमी. हाच घटत्या फलाचा नियम. माणसे तेवढीच ठेवून नुसती यंत्रे वाढवली तर प्रत्येक नवे यंत्र आधीच्यापेक्षा कमी देते.

रॉबर्ट सोलो यांनी १९५६ मध्ये हा नियम संपूर्ण अर्थव्यवस्थेला लावला. आपल्याच देशाचे उदाहरण त्यांच्या रीतीने पाहू. सुरुवात तीच: भांडवल ३००, उत्पन्न १००, बचत २१ टक्के, घसारा ४ टक्के. फरक एवढाच की भांडवल दुप्पट झाले तर उत्पन्न दुप्पट न होता सव्वापटीच्या थोडे वर जाते. अनेक देशांच्या आकडेवारीत राष्ट्रीय उत्पन्नातला भांडवलाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास दिसतो, त्यावरून हे प्रमाण येते. पहिल्या वर्षी भांडवलात ९ रुपयांची भर पडते, पण भांडवल ६०० ला पोहोचते तेव्हा उत्पन्न १२६ असते, बचत साडेसव्वीस आणि घसारा २४. भर जेमतेम अडीच रुपयांची, ६०० वर ०.४ टक्के. भांडवल ६९४ च्या आसपास गेले की सगळी बचत झीज भरण्यातच संपते. उत्पन्न १३२ वर थांबते.

बचत २४ टक्के केली तर? काही वर्षे गती वाढते, मग पुन्हा मंदावते, आणि भांडवल ८५० च्या जवळ, उत्पन्न १४१ वर थांबते. तीन टक्के जादा बचत कायमची करून देशाने काय मिळवले? उत्पन्नाची पातळी सुमारे ७ टक्क्यांनी वर गेली. वाढीचा दर अखेर जिथे होता तिथेच आला, शून्यावर. सोलो यांच्या मते माणशी उत्पन्नाची कायमची वाढ तंत्रज्ञानाच्या प्रगतीतूनच येऊ शकते, आणि ती प्रगती त्यांच्या मॉडेलमध्ये बाहेरून आलेली मानली आहे. काटकसरीने देश श्रीमंत होतो, पण काटकसरीने तो कायम वेगाने वाढत नाही. चिंतामणरावांच्या काळातल्या योजनेच्या पायाला हा सरळ धक्का होता.

मग भांडवलाची ताकद घटत नाही, असे मानायला आधार काय? १९६२ मध्ये दोन वेगळ्या लेखांतून एकच उत्तर आले. मार्विन फ्रँकेल यांनी दाखवले की एकेका कारखान्यात घटत्या फलाचा नियम खरा असूनही संपूर्ण अर्थव्यवस्थेत तो लागू न होणे शक्य आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी त्यामागचे कारण दिले: काम करता करता माणूस शिकतो, आणि शिकण्याची संधी गुंतवणुकीतून मिळते. अ‍ॅरो यांनी स्वीडनमधल्या हॉर्नडाल इथल्या पोलाद कारखान्याचा दाखला दिला. तिथे पंधरा वर्षे म्हणावी अशी नवी गुंतवणूक झाली नव्हती, तरी दर तासाच्या कामामागचे उत्पादन दरवर्षी सुमारे दोन टक्क्यांनी वाढत राहिले. यंत्रे तीच, माणसे त्यांच्याशी अधिक सरावली. विमाने बांधण्याच्या धंद्यात टी. पी. राइट यांनी १९३६ मध्येच नोंदवले होते की एकूण बांधलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की एका विमानाला लागणारे श्रम वीस टक्क्यांनी कमी होतात.

हे शिकणे एका कारखान्याच्या भिंतीआड राहत नाही. मागांच्या गावात नवे माग येत गेले की ते जुळवणारा आणि दुरुस्त करणारा जॉबर तयार होतो, सायझिंगचे कारखाने निघतात, सुटे भाग गावातच मिळू लागतात. विणकर एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो तेव्हा हातातले कसब घेऊनच जातो. एका मालकाने घेतलेल्या मागाने शेजाऱ्याच्या मागाचेही कापड थोडे वाढते. पॉल रोमर यांनी १९८६ मध्ये ज्ञानाच्या या पसरण्याला पुन्हा वाढीच्या सिद्धांताच्या मध्यभागी आणले. सर्जिओ रेबेलो यांनी १९९१ मध्ये आणखी एक वाट दाखवली: K मध्ये नुसती यंत्रे न मोजता माणसांचे शिक्षण आणि कसब हेही भांडवल म्हणून मोजा. माणूस स्वतःच भांडवलाबरोबर वाढू लागला की यंत्रे वाढली आणि माणसे तेवढीच राहिली, ही घटत्या फलाची अटच उरत नाही.

या युक्तिवादाचा एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. माग घेणारा मालक स्वतःला किती फायदा होईल एवढेच पाहतो. शेजाऱ्याला मिळणारे कसब त्याच्या हिशेबात येत नाही. म्हणून बाजारावर सोडले तर गुंतवणूक समाजाला हवी त्यापेक्षा कमी होते, आणि एके जगात याची किंमत फार मोठी असते. सोलोंच्या जगात कमी बचतीने पातळी थोडी खाली राहते. इथे दरवर्षीचा दरच कमी राहतो. ३ आणि ४ टक्क्यांतला फरक आज नगण्य वाटतो, पण ३ टक्क्यांनी उत्पन्न दुप्पट व्हायला साधारण २३ वर्षे लागतात आणि ४ टक्क्यांनी १८.

मॉडेलचा सगळ्यात नाजूक भाग मात्र दुसरीकडे आहे. भांडवलाचा स्वतःचा वाटा एक तृतीयांश असेल, तर ज्ञानाच्या पसरण्यातून मिळणारी भर बरोबर दोन तृतीयांश असावी लागते, म्हणजे बेरीज १ होते. बेरीज ०.९ भरली तर भांडवल दुप्पट झाल्यावर उत्पन्न १.८७ पट होते. हे दुपटीच्या जवळ दिसते, पण दर दुपटीला A सुमारे सात टक्क्यांनी घसरते, आणि वाढ अखेर सोलोंच्याच मुक्कामी जाते. फक्त तिथे पोहोचायला फार वर्षे लागतात. बेरीज १ च्या वर गेली तर वाढीचा दर दरवर्षी वाढतच जातो, आणि तसे जगात कुठे दीर्घकाळ दिसत नाही. म्हणून माझ्या मते एके मॉडेलकडे निसर्गनियम म्हणून पाहू नये. ‘A टिकून आहे का?’ हा प्रश्न ते आपल्याला विचारायला लावते, आणि त्याचे उत्तर प्रत्येक देशाच्या आकड्यांत शोधावे लागते.

भारताच्या आकड्यांत ते शोधण्यासारखे आहे. पहिली योजना गृहीतकापेक्षा चांगली ठरली. पाच वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न ११-१२ टक्क्यांनी वाढावे असे ठरले होते, ते सुमारे १८ टक्क्यांनी वाढले. पाऊस चांगला झाला आणि आधीच उभे असलेले पण पुरते न वापरलेले भांडवल कामाला आले. दुसऱ्या योजनेच्या कर्त्यांनी मग भांडवल-उत्पन्नाचे प्रमाण ३ वरून २.३ वर आणले, म्हणजे A आणखी जोरकस धरला. पाच वर्षांत २५ टक्के वाढीचे लक्ष्य ठेवले. हाती आली सुमारे २०. पावसाने दिलेल्या भरीला त्यांनी यंत्रांची ताकद मानले होते. A मोजताना होणारी ही नेहमीची चूक आहे. थोड्या वर्षांचे आकडे घेतले की A मध्ये हवामान, निष्क्रिय पडलेली क्षमता, मालाची मागणी असे सगळेच मिसळते.

पुढची वीस-पंचवीस वर्षे अधिक बोलकी आहेत. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारताची एकूण बचत उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या आसपास होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती २० टक्क्यांच्या वर गेली. गरीब देशाला हे जमणे सोपे नव्हते. बँका खेड्यांपर्यंत पोहोचल्या, लोकांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे मागे टाकले. बचत दुप्पट झाली तेव्हा एके मॉडेलप्रमाणे वाढही ठळकपणे वर जायला हवी होती. ती गेली नाही. सगळा काळ मिळून वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपासच राहिली, जिला राज कृष्ण यांनी दिलेले नाव पुढे सर्वतोमुखी झाले. हिशेब करून पाहा: साडेतीन टक्के वाढीला आधी १० टक्के बचत लागत होती, म्हणजे १ रुपया जादा उत्पन्नामागे साधारण ३ रुपये. आता २० टक्के लागू लागली, म्हणजे पावणेसहा रुपये. s दुप्पट झाला आणि A अर्ध्यावर आला.

हे पाहून सोलोंचा विजय झाला असे म्हणावेसे वाटते. मला ते पटत नाही. घटत्या फलाचा नियम लागू व्हायला माणशी यंत्रे खूप व्हावी लागतात, आणि १९८० च्या भारतात कामकऱ्यामागे भांडवल अजून फारच थोडे होते. बचत ज्या पोलाद कारखान्यांत, वीजकेंद्रांत आणि रेल्वेत गेली, तिथे एक रुपया उत्पन्नाला मुळातच शेतीपेक्षा कितीतरी जास्त भांडवल लागते. प्रकल्प वर्षानुवर्षे अपुरे राहिले. पैसा अडकला, उत्पादन सुरू नाही. जे सुरू झाले ते विजेच्या तुटवड्याने अर्धवेळ बंद राहिले. परवान्याच्या भिंतीआड असलेल्या कारखान्याला स्पर्धेची भीती नव्हती, त्यामुळे हॉर्नडालसारखे शिकण्याचे कारणही नव्हते. पुढच्या दशकाने हे दाखवूनच दिले. ऐंशीच्या दशकात बचतीचा दर साधारण तिथेच, २० टक्क्यांच्या आसपास राहिला, पण वाढ साडेपाच टक्क्यांच्या जवळ गेली. भांडवल खरोखरच थकले असते तर ते असे परत उभे राहिले नसते.

चार्ल्स जोन्स यांनी १९९५ मध्ये श्रीमंत देशांवर अशीच कसोटी लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांतल्या अनेक देशांत गुंतवणुकीचा वाटा बऱ्याच अंशी वाढत गेला, तरी वाढीचा दर कायमचा वर गेलेला दिसला नाही. एके मॉडेलविरुद्धचा हा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो, आणि तिथे, जिथे भांडवल खरोखर मुबलक आहे, तो मला अधिक पटतो.

आता भारतातलाच एक काळ, जो पहिल्या नजरेत एके मॉडेलला पाठिंबा देतो. २०००-०१ मध्ये देशाची बचत उत्पन्नाच्या सुमारे २४ टक्के होती. २००७-०८ पर्यंत ती ३७ टक्क्यांच्या जवळ गेली, आणि त्या वेळच्या मालिकेप्रमाणे वाढ ९ टक्क्यांच्या आसपास होती. बचत वाढली, वाढ वाढली. पण ही जादा बचत कुणी केली, हे पाहिले की चित्र बदलते. घरांची बचत २१ ते २४ टक्क्यांच्या पट्ट्यातच होती. वाढ झाली ती कंपन्यांनी न वाटलेल्या नफ्यात आणि सरकारी तिजोरीत. सरकारी क्षेत्राची बचत दशकाच्या सुरुवातीला उणे होती, ती २००७-०८ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास गेली. कंपन्यांचा नफा वाढला कारण धंदा जोरात होता. करांचा भरणा वाढला तोही त्यामुळेच. म्हणजे बचतीने वाढ आणली तशी वाढीनेही बचत आणली, आणि सूत्रातला s बाहेरून ठरवलेला आकडा राहिला नाही.

सिद्धांताने हीही दिशा घेतली. बचतीचा दर दिलेला न मानता, लोक आज खायचे की उद्यासाठी ठेवायचे हे परताव्याकडे पाहून ठरवतात असे मांडले, तर एके जगात A आणि s एकमेकांना धरून चालतात. घसारा वजा जाता भांडवल जास्त देत असेल तर लोक जास्त मागे ठेवतात, आणि त्या परताव्यावरचा कर बचत कमी करून वाढीचा दर खाली आणतो. पहिल्या योजनेच्या कर्त्यांनी बचत २० टक्क्यांवर कशी न्यावी याचा विचार केला होता. त्यांचे गणित पुरे व्हायला तेवढ्याच तपशिलाने आणखी एका गोष्टीचा विचार हवा होता: ३ रुपयांमागचा तो १ रुपया कोणत्या कारखान्यात, किती वर्षांनी आणि कुणाच्या शिकण्यातून येणार, याचा.